नेटफ्लिक्सला छताचे स्पीकर वाजतात, डिस्कला नाही : सांगलीतल्या एका हॉलमधलं आर्क आणि ई-आर्कचं प्रकरण

सांगलीत गावभागात आमच्या दाजींचं घर आहे. 2019 च्या पुरात खालचा मजला पाण्यात गेला तेव्हापासून टीव्ही, म्युझिक वगैरे सगळं वरच्या हॉलमध्ये कायमचं हलवलंय. एव्ही रिसिव्हर, म्हणजे सगळे स्पीकर वाजवणारं यंत्र, 2017 चं मॉडेल, आधीपासून वरच होता म्हणून वाचला. तो टीव्हीखाली नाही, बाजूच्या भिंतीतल्या लाकडी कपाटात आहे, आणि कपाटापासून टीव्हीपर्यंत भिंतीतल्या पाइपातून एकच एचडीएमआय केबल गेलीय. समोर तीन, मागं दोन, छताला दोन आणि एक सबवूफर, म्हणजे 5.1.2 सेटअप. दाजींनी यंदा 65 इंची नवा टीव्ही घेतला आणि सोबत 4के ब्लू-रे प्लेअर. दुकानात सांगितलं की टीव्हीला ई-आर्क आहे, म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलनं उलटा रिसिव्हरकडं आणायची नवी सोय, आता आवाजाची काळजी नाही, लॉसलेस ॲटमॉस मिळणार, म्हणजे मूळ आवाजातलं काही न गाळता छताच्या स्पीकरसकट वाजणारा आवाज. प्लेअर टीव्हीखालच्या टेबलवर ठेवला, टीव्हीच्या एका पोर्टला जोडला, टीव्हीच्या `eARC` लिहिलेल्या पोर्टातून पाइपातली केबल रिसिव्हरला, झालं.

मग दाजींचा फोन आला. म्हणले, "पावनं, काहीतरी उलटंच झालंय, नेटफ्लिक्सला छताचे स्पीकर वाजतात आणि एवढी महागाची डिस्क लावली की गप्प बसतात."

ही तक्रार मला फार आवडली कारण आर्क आणि ई-आर्कमधला फरक या एका वाक्यात पूर्ण आहे. बहुतेकांचा समज असा की डिस्क भारी आणि स्ट्रीमिंग हलकं, त्यामुळं एखादी गोष्ट चालत नसेल तर ती स्ट्रीमिंगला चालणार नाही. इथं बरोबर उलट, आणि उलट असण्याला पक्कं कारण आहे.

आधी वायरमध्ये काय चालतं ते बघू. एचडीएमआयच्या कनेक्टरला 19 पिना असतात. चित्र आणि त्याच्यासोबतचा आवाज एकाच दिशेनं जातो, प्लेअरकडून टीव्हीकडं. पण टीव्हीतलाच आवाज, म्हणजे टीव्हीतल्या ॲपचा, सेट-टॉप बॉक्सचा, टीव्हीला जोडलेल्या प्लेअरचा, तो उलट्या दिशेनं रिसिव्हरकडं आणायचा तर वेगळी सोय लागते. 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 आलं तेव्हा ती सोय आली, तिचं नाव ऑडिओ रिटर्न चॅनल, आपण आर्क म्हणतो. त्यासाठी 14 आणि 19 नंबरच्या पिना वापरल्या. पण त्या वाटेवरून जो सिग्नल जातो तो मुळात जुन्या ऑप्टिकल केबलमधला जो असतो त्याच जातीचा, म्हणजे एकतर दोन चॅनलचा साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, नाहीतर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारखा दाबून बारीक केलेला मल्टीचॅनल. पुढं डॉल्बी डिजिटल प्लसही आर्कवरून जाऊ लागला, टीव्ही आणि रिसिव्हर दोघांनी तो घेतला पाहिजे एवढीच अट.

ई-आर्क 2017 मध्ये एचडीएमआय 2.1 सोबत आलं. पिना त्याच दोन, पण त्या दोन वायरींची जोडी करून सिग्नल डिफरेन्शियल पद्धतीनं पाठवतात, त्यामुळं वाट एकदम रुंद झाली. 8 चॅनल, 24 बिट, 192 किलोहर्ट्झचा न दाबलेला पीसीएम यातून जातो, आणि हा गुणाकार केला तर सेकंदाला जवळपास 37 मेगाबिट होतात. डिस्कवरच्या लॉसलेस फॉरमॅटपैकी डॉल्बी ट्रूएचडीचा वरचा दर 18 मेगाबिट आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओचा 24.5, म्हणजे दोन्ही आरामात बसतात. साध्या आर्कच्या नियमात हे दोन्ही फॉरमॅट नाहीतच, तिथं जागेचा आणि व्यवहाराचा दोन्हीचा प्रश्न आहे.

व्यवहाराचा म्हणजे काय, तर टीव्ही आणि रिसिव्हर एकमेकांशी बोलतात कसे. आर्कमध्ये ही बोलणी सीईसी नावाच्या सामायिक तारेवरून होते, जिच्यावरूनच रिमोटचा व्हॉल्यूम आणि एकत्र चालू-बंद होणं वगैरे चालतं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची सीईसी एकमेकांशी नीट जुळतेच असं नाही. ई-आर्कनं ही बोलणी त्याच दोन वायरींवर स्वतंत्रपणे आणली, तिथंच रिसिव्हर सांगतो की मला हे हे फॉरमॅट येतात, तिथंच आवाज किती उशिरा पोचतोय तेही कळवतो म्हणजे टीव्ही ओठ आणि आवाज जुळवून घेऊ शकतो. आर्कमध्ये ही जुळवाजुळव ऐच्छिक होती, ई-आर्कमध्ये ती सक्तीची आहे. मात्र व्हॉल्यूम रिमोट आणि चालू-बंद यासाठी सीईसी अजून लागतंच, आणि काही टीव्हींच्या मेनूत सीईसी बंद केलं की ई-आर्कही बंद पडतं, त्यामुळं ते चालू ठेवलेलं बरं.

आता दाजींच्या हॉलकडं. मी पोचलो तेव्हा पहिलं काम हे की रिसिव्हरच्या रिमोटवरचं इन्फो बटण दाबून आत नक्की काय येतंय ते बघितलं. हे मी सगळ्यांना सांगतो, कानावर निकाल देण्याआधी डिस्प्ले वाचा. नेटफ्लिक्सवर ॲटमॉसचं काहीतरी लावलं, रिसिव्हरनं दाखवलं की डॉल्बी डिजिटल प्लस येतंय आणि ॲटमॉस चालू आहे. मग डिस्क लावली, ऑडिओ मेनूत ट्रूएचडी ॲटमॉसचा ट्रॅक निवडला, रिसिव्हरवर आलं फक्त `Dolby Digital`, 5.1, ॲटमॉसचा पत्ताच नाही.

टीव्हीच्या मेनूत ई-आर्क ऑटोवर होतं, डिजिटल आउटपुट `Pass Through` वर, म्हणजे आलेला आवाज तसाच पुढं सोडण्यावर होतं, म्हणजे दाजींनी तिकडं सगळं बरोबर केलं होतं. मग रिसिव्हरची मागची बाजू टॉर्च लावून बघितली. एचडीएमआय आउटच्या खाली लिहिलेलं नुसतं `ARC`. 2017-18 च्या काही मॉडेलना नंतर सॉफ्टवेअर अपडेटनं ई-आर्क मिळालं होतं म्हणून रिसिव्हरचं अपडेटही तपासलं, याला ते आलेलंच नव्हतं. म्हणजे टीव्हीला ई-आर्क आहे पण समोरच्याला नाही, आणि ई-आर्क दोन्ही टोकांना असावं लागतं, एका टोकाला नसेल तर जोडी आपोआप साध्या आर्कवर उतरते. कुठला एरर येत नाही, आवाज येत राहतो, त्यामुळं घरच्यांना कळतच नाही. दुकानातल्या माणसानं टीव्हीबद्दल जे सांगितलं ते खरंच होतं, रिसिव्हर कुठला आहे ते मात्र कुणी विचारलं नाही.

आता छताचे स्पीकर गप्प का, ते बघा. ॲटमॉस हा स्वतः एक वेगळा फॉरमॅट नाही, तो दुसऱ्या कशावर तरी स्वार होऊन येतो. नेटफ्लिक्सवर तो डॉल्बी डिजिटल प्लसवर येतो, वरचा दर 768 किलोबिट, लॉसी, आणि डॉल्बी डिजिटल प्लस साध्या आर्कवरून जातो. म्हणून छत वाजलं. डिस्कवर तो ट्रूएचडीवर येतो, आणि ट्रूएचडी आर्कवरून जात नाही. मग प्लेअर काय करतो, तर टीव्हीला विचारतो की तुला काय काय घेता येतं, टीव्ही रिसिव्हरचा अंदाज घेऊन सांगतो डॉल्बी डिजिटल आणि प्लस, ट्रूएचडी नको. ब्लू-रेच्या नियमाप्रमाणं ट्रूएचडीच्या ट्रॅकसोबत साध्या डॉल्बी डिजिटलचा एक 5.1 ट्रॅक डिस्कवर लपलेला असतोच, जास्तीत जास्त 640 किलोबिटचा, कुठल्याही जुन्या मशीनवर आवाज यावा म्हणून. प्लेअर तो उचलून देतो. त्यात उंचीची माहिती नसते. म्हणजे दाजींना लॉसलेस तर मिळत नव्हतंच, वर ॲटमॉसही हातचं जात होतं, आणि खरं सांगायचं तर 640 किलोबिटचा डॉल्बी डिजिटल आणि ट्रूएचडी यातला फरक साध्या हॉलमध्ये पटकन ओळखणं अवघड आहे, पण छताचे दोन स्पीकर गायब होणं कुणालाही ऐकू येतं. माझ्या मते या प्रकरणात खरं नुकसान ते होतं.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते, की साउंडबारवर किंवा रिसिव्हरवर ॲटमॉसचा दिवा लागला म्हणजे लॉसलेस येतंय असं अजिबात नाही. दिवा दोन्हीला लागतो. खाली ट्रूएचडी लिहिलंय का डॉल्बी डिजिटल प्लस ते बघावं लागतं, आणि ज्या साउंडबारला डिस्प्लेच नाही तिथं बहुतेक वेळा त्याच्या मोबाइल ॲपमध्ये तरी ही ओळ मिळते.

दाजी म्हणले, "म्हणजे रिसिव्हर बदलावा लागणार का, चांगला चाललाय की तो." मी म्हणलं, "दाजी, थांबा, आधी प्लेअर उचला."

कारण या 2017 च्या रिसिव्हरला ट्रूएचडी उलगडता येत नाही असं नाही, त्याच्या एचडीएमआय इनमधून आला तर तो छान उलगडतो, ॲटमॉससकट. अडचण फक्त टीव्हीकडून उलट येणाऱ्या वाटेची होती. प्लेअर जर थेट रिसिव्हरच्या इनला लावला तर आवाज तिथंच उतरतो आणि चित्र तेवढं रिसिव्हरच्या आउटमधून पाइपातल्या त्याच केबलनं टीव्हीकडं जातं. त्याच केबलवर उलट दिशेनं आर्क चालूच राहतो, नेटफ्लिक्ससाठी. म्हणजे नवीन केबल नको, भिंत फोडायला नको, प्लेअर टीव्हीखालून उचलून कपाटात रिसिव्हरशेजारी ठेवायचा आणि हातभर लांबीची एक केबल लावायची. हॉलमध्ये आवाज पुढं नेणारं यंत्र एचडीएमआय इन असलेलं असेल तर डिस्कसाठी ई-आर्क लागतच नाही, हे फार कमी जणांना सांगितलं जातं.

केलं तसं. पहिल्या झटक्यात आवाज आला ट्रूएचडी ॲटमॉस, छत वाजलं, पण टीव्हीवरचा एचडीआरचा, म्हणजे जास्त उजेड-रंगाच्या चित्राचा, खूण-शिक्का गेला, चित्र फिकं झालं. याचं कारण रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये होतं. त्या काळातल्या बऱ्याच रिसिव्हरमध्ये 4केचा सिग्नल साधा घ्यायचा का पूर्ण दराचा, असा एक पर्याय असतो, कुठं `4K Signal Format` तर कुठं `HDMI Signal Format` अशा नावानं, आणि तो मुळात `Standard` वर असतो. तो `Enhanced` केला, टीव्हीच्या त्या पोर्टाचंही तसंच सेटिंग चालू केलं, एचडीआर परत आलं. मग प्लेअरच्या मेनूत दोन गोष्टी बघितल्या. डिजिटल आउटपुट `Bitstream` वर, म्हणजे ट्रॅक न उलगडता तसाच सोडण्यावर आहे ना, आणि सेकंडरी ऑडिओ किंवा बीडी ऑडिओ मिक्स बंद आहे ना. ही दुसरी गोष्ट खूप जण विसरतात. ती चालू असली की डिस्कच्या मेनूचे टिकटिक आवाज आणि कॉमेंटरी मूळ ट्रॅकमध्ये मिसळण्यासाठी प्लेअरला ट्रॅक आधी उलगडावा लागतो, मग तो मूळ ट्रूएचडी बाहेर सोडत नाही, सगळ्या वायरी बरोबर असूनही रिसिव्हरवर ॲटमॉस दिसत नाही.

अजून एक कोडं तिथंच सुटलं. दाजींकडं डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओची एक जुनी डिस्क आहे, टीव्हीला जोडलेली असताना ती फक्त दोन चॅनलमध्ये वाजायची. ई-आर्कच्या नियमात डीटीएस-एचडी बसतं, पण टीव्ही बनवणाऱ्या सगळ्याच कंपन्या डीटीएस घेत नाहीत, काहींनी तो मध्येच काढून टाकला, आणि टीव्हीच्या इन पोर्टानंच नको म्हणलं तर पुढं ई-आर्क कितीही रुंद असलं तरी काय उपयोग. दाजींचा टीव्ही त्यातलाच. म्हणजे समजा त्यांनी ई-आर्कवाला नवा रिसिव्हर घेतला असता आणि प्लेअर टीव्हीलाच ठेवला असता, तरी या डिस्कचा मूळ डीटीएस ट्रॅक टीव्हीच्या पुढं गेलाच नसता. थेट रिसिव्हरला लावल्यावर पूर्ण वाजली.

इथवर प्रकरण बिनखर्चात मिटलं असतं, पण भाचा उभा होता मागं. त्याचा गेमिंग कन्सोल. "मामा, माझा पण लावा की रिसिव्हरला."

इथं मात्र ई-आर्कची खरी गरज येते. कन्सोल 4के 120 हर्ट्झ देतो, आणि 2017 चा रिसिव्हर एचडीएमआय 2.0 चा, त्याच्यातून जास्तीत जास्त 4के 60 पुढं जातं. त्यामुळं 120 पाहिजे असेल तर कन्सोल थेट टीव्हीलाच लावायला लागतो. दाजींच्या टीव्हीला चार पोर्ट, त्यातले दोनच 120 चे, आणि बऱ्याच टीव्हींसारखं त्यातलाच एक पोर्ट ई-आर्कचा आहे जो रिसिव्हरनं घेतलाय, म्हणजे उरला एक, तो कन्सोलला. आता कन्सोल गेमचा आवाज सहसा न दाबलेल्या मल्टीचॅनल पीसीएममध्ये देतो. 8 चॅनल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट धरले तर सेकंदाला सव्वानऊ मेगाबिट. आर्कवरून पीसीएम दोनच चॅनलचा जातो. मग टीव्ही तो दोन चॅनलमध्ये उतरवून पाठवतो. रिसिव्हर त्यातून स्वतःच्या अकलेनं मागचे स्पीकर वाजवतो, त्यामुळं वाजतंय असं वाटतं, पण इन्फो दाबला की `PCM 2ch` दिसतं, आणि गेममध्ये मागून कोण आलं ते कळत नाही.

भाच्याचा कन्सोल आम्ही तात्पुरता डॉल्बीच्या बिटस्ट्रीमवर ठेवला. कन्सोल स्वतःच पीसीएम दाबून डॉल्बी करतो, तो आर्कवरून जातो, मागून येणारा आवाज मागूनच येतो. लॉसलेस नाही, आणि दाबायला वेळ लागतो म्हणून आवाज थोडा मागं पडतो, जे वेगाच्या गेममध्ये चांगल्या कानाला जाणवू शकतं. भाचा म्हणला चालतंय. यापेक्षा पुढं जायचं असेल तर ई-आर्कचा रिसिव्हर हाच सरळ रस्ता. एक मधला उपायही आहे, टीव्हीचा ई-आर्क ऐकून तो जुन्या रिसिव्हरच्या एचडीएमआय इनमध्ये सोडणारे छोटे डबे मिळतात, पण त्यात अजून एक यंत्र, अजून एक रिमोटची भानगड आणि अजून एक ठिकाण जिथं बोलणी बिघडू शकते, त्यामुळं दाजींसारख्या घराला मी ते सुचवलं नाही.

शेजारचे एक काका हे सगळं बघत बसले होते, त्यांच्याकडं नुसता साउंडबार आणि टीव्ही, डिस्क नाही, कन्सोल नाही. त्यांनी विचारलं की मग मी ई-आर्कचा साउंडबार घ्यावा का. मी विचारलं तुम्ही बघता काय, तर टीव्हीतलीच ॲप आणि सेट-टॉप बॉक्स. त्यांना सांगितलं की काका, फक्त आवाजासाठी म्हणाल तर नका घेऊ, कारण टीव्हीतली व्हिडिओची ॲप सहसा लॉसलेस देतच नाहीत, डॉल्बी डिजिटल प्लसच देतात आणि ते आर्कवरून जातं. ज्यांचा लॉसलेस आवाज आधी टीव्हीत जातो आणि मग खाली यायचा असतो त्यांनाच ई-आर्क पाहिजे. डिस्क प्लेअर टीव्हीला लावणारे, विशेषतः साउंडबारला एचडीएमआय इनच नाही म्हणून तसं करावं लागणारे. कन्सोलवाले. आणि स्वतःच्या डिस्कच्या पूर्ण फाइल एखाद्या मीडिया प्लेअरवरून टीव्हीमार्फत वाजवणारे. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा, ॲपल टीव्ही 4केसारखे बॉक्स डॉल्बी ॲटमॉस स्वतः उलगडून न दाबलेल्या पीसीएमच्या रूपात बाहेर सोडतात, मूळ स्ट्रीम लॉसी असला तरी बाहेर येणारा सिग्नल जड असतो, त्यामुळं असा बॉक्स टीव्हीला लावला तर ॲटमॉस खाली येण्यासाठी सहसा ई-आर्क लागतं, आर्कवर मिळेल की नाही ते त्या टीव्हीवर अवलंबून. काकांकडं तसा बॉक्स नाही, त्यामुळं त्यांचा प्रश्न सुटला.

दाजींना केबलबद्दल मात्र आधीच सांगून ठेवलंय. पाइपातली सध्याची केबल आर्कला पुरतेय कारण आर्क फार मागत नाही. ई-आर्कला 14 आणि 19 या वायरींची जोडी नीट बनवलेली लागते. विथ इथरनेट लिहिलेल्या हाय स्पीड केबलमध्ये ती असते आणि अल्ट्रा हाय स्पीडमध्ये असतेच, पण नुसती हाय स्पीड असेल तर खात्री नाही, आणि बिघाड असा दिसतो की ई-आर्क लागतं, थोड्या वेळानं आवाज अर्ध्या सेकंदासाठी तुटतो, किंवा टीव्ही गुपचूप आर्कवर उतरतो. लांब अंतरासाठी फायबरची केबल घेतली तर तिच्यावर ई-आर्क चालतं असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, कारण अशा केबलला दिशा असते आणि चित्र पुढं नेणारी प्रत्येक केबल आवाज मागं आणतेच असं नाही. म्हणून जेव्हा केव्हा रिसिव्हर बदलतील तेव्हा नवी केबल पाइपात ओढण्याआधी टीव्ही आणि रिसिव्हरच्या मध्ये हॉलच्या फरशीवरूनच टाकायची, कन्सोलवर 7.1 चा पीसीएम लावायचा, इन्फोमध्ये आठ चॅनल दिसले आणि एखादा पिक्चरभर आवाज तुटला नाही की मगच जुनी केबल उपसायची, आणि उपसताना तिच्या टोकाला सुतळी बांधूनच, नाहीतर त्या वळणाच्या पाइपात पुन्हा काही घालणं अवघड आहे.